फॉरमॅट झालेलं कार्ड आधी बाहेर काढा

लग्नाचं शूटिंग झालं आणि संगणकावर उतरवून घेण्याआधीच ६४ जीबीचं कार्ड चुकून फॉरमॅट झालं, असं समजू. पडद्यावर एकही व्हिडिओ दिसत नाही. मात्र कॅमेऱ्यातलं नेहमीचं फॉरमॅट दोन-तीन सेकंदांत उरकतं आणि तेवढ्या वेळात ६४ जीबी पुसून होत नाहीत. पुसली जाते ती फक्त नोंद: कोणती फाइल कुठे सुरू होते आणि कोणती जागा भरलेली आहे एवढीच. सातबाऱ्यावरचं नाव गेलं तरी जमीन जागेवरच असते, तसे हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं हे सगळे व्हिडिओ कार्डावर जिथल्या तिथे पडून असतात. फरक एवढाच, की कॅमेऱ्याच्या लेखी ती जागा आता मोकळी असते.

नोंदीची मदत न घेता हा मजकूर शोधून काढण्याच्या पद्धतीला फाइल कार्व्हिंग म्हणतात. फोटोरेक हे त्यासाठीचं मोफत आणि जुनं, खात्रीचं सॉफ्टवेअर. नाव फोटोचं असलं तरी ते व्हिडिओही शोधतं. कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जायचं आणि फाइलच्या सुरुवातीची ठरलेली खूण ओळखायची, ही त्याची रीत. एमपी४ फाइलमध्ये अगदी सुरुवातीला, पहिल्या चार बाइटनंतर, `ftyp` ही अक्षरं असतात. ती सापडली की तिथून पुढचा सलग मजकूर फाइल म्हणून वेगळा काढला जातो. मूळ नावं नोंदीबरोबरच गेलेली असल्यामुळे परत मिळालेल्या फाइलींना आकड्यांची नावं येतात, आणि कोणता व्हिडिओ कशाचा हे उघडून पाहावं लागतं.

आता घाबरून केलेली एक चूक काय करते ते पाहा. कार्ड चालतंय का हे बघायला कुणी दोन मिनिटांचं शूटिंग केलं. फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने लिहिला जात असेल, तर दोन मिनिटांत दीड जीबी होतात. कॅमेऱ्याला सगळं कार्ड मोकळं दिसत असल्यामुळे तो सहसा सुरुवातीपासून लिहायला घेतो, आणि तिथेच सकाळचा पहिला व्हिडिओ असतो. समजा, ती आठ मिनिटांची हळद होती. तिची पहिली दोन मिनिटं कायमची गेली. उरलेली सहा मिनिटं कार्डावर आहेत, पण `ftyp` पुसलं गेल्यामुळे सॉफ्टवेअरला ती फाइल म्हणून ओळखताच येत नाही. दोन मिनिटांच्या चाचणीने आठ मिनिटांवर पाणी सोडावं लागतं, ते असं. म्हणून चूक लक्षात येताच कॅमेरा बंद करून कार्ड काढायचं. एसडी कार्डाच्या कडेची बारीक खिट्टी लॉककडे सरकवायची. मायक्रोएसडी असेल तर अडॅप्टरला ती असते. कार्ड नुसतं संगणकाला लावलं तरी विंडोज किंवा मॅक त्यावर आपल्या लहानसहान फाइली लिहू शकतात.

कार्डावर थेट प्रयोग करू नयेत. आधी त्याची तंतोतंत प्रत, म्हणजे इमेज, संगणकावर घ्यावी. लिनक्सवर कार्डाचं नाव `/dev/sdb` असेल, तर आज्ञा अशी:

```
sudo ddrescue -d /dev/sdb card.img card.map
```

नाव आधी `lsblk` देऊन नीट तपासा. डिस्कवर ६४ जीबी जागा लागते आणि बऱ्या कार्ड रीडरने काम पंधरा-वीस मिनिटांत होतं. मग फोटोरेक या `card.img` वर चालवायचं आणि सापडलेल्या फाइली संगणकावरच ठेवायच्या. त्या कार्डावर परत ठेवणं म्हणजे जे शोधतोय त्याच्यावरच लिहिणं.

एवढं करूनही एखादी फाइल आकाराने ठीक असते, पण चालत नाही. कोणतं दृश्य आणि कोणता आवाज फाइलमध्ये कुठे आहे याची यादी `moov` नावाच्या भागात असते, आणि बरेच कॅमेरे तो रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहितात. शूटिंगच्या मध्येच जागा करायला काही क्लिप उडवल्या असतील, तर पुढचा लांब व्हिडिओ त्या रिकाम्या जागांत तुकड्यांनी लिहिला जातो. सलग मजकूर उचलणाऱ्या कार्व्हिंगला हे तुकडे जुळवता येत नाहीत: `moov` भलतीकडे राहतो, किंवा व्हिडिओ काही वेळ नीट चालून पुढे चित्र फाटतं. फक्त `moov` हरवला असेल तर अनट्रंक हे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. त्याला त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेला एक धडधाकट व्हिडिओ नमुना म्हणून द्यावा लागतो. तो मात्र दुसऱ्या कार्डावर काढायचा.

काही कॅमेऱ्यांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’ असतं, आणि विंडोजमध्ये ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढली तर सगळं कार्ड शून्यांनी भरलं जातं. तसं झालं असेल, तर इमेज उघडून पाहिल्यावर शून्यांपलीकडे काही दिसत नाही. अशा कार्डातून व्हिडिओ काढून देतो म्हणून कुणी आगाऊ पैसे मागत असेल, तर देऊ नका.