राशीपुढचे बोलणे

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पावसापेक्षा ओलीवर आणि थंडीवर अधिक पोसते. हस्ताच्या पावसाने भिजलेल्या भुईत ती पेरत, आणि माघ-फाल्गुनात उपटून, पेंढ्या बांधून, कणसे खुडून खळ्यावर आणत. सारवलेल्या खळ्याच्या मध्यभागी तिवडा रोवलेला असे. त्याभोवती मुसकी बांधलेल्या बैलांची पात फिरून दाणा सुटला, की एक गडी वावडीवर उभा राहून पाटीतला माल वाऱ्यावर सोडू लागे. वारा पडला तर भुसकट दाण्यातच उतरे आणि सारे काम खोळंबे. म्हणून पहाटेपासून माणसांचे लक्ष झाडाच्या शेंड्याकडे असे.

मी पाहिली ती रास मध्यान्हीपूर्वी उभी राहिली. वृद्ध शेतकऱ्याने पायीच्या वहाणा खळ्याबाहेर काढल्या, बैलांची मुसकी सोडून त्यांच्यापुढे ओंजळभर दाणे टाकले, राशीला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि कोणाशी व्यवहाराचे बोलावे तशा सपाट स्वरात तो म्हणू लागला :

काळे आई, तुझं धन तुझ्याच दारात मोजतो.
हस्तानं भिजवलं, थंडीनं पोसलं.
बैलांनो, तुमच्या खुरांखाली दाणा सुटला;
वाऱ्या, तू आलास म्हणून भुसा उडाला.
खुरपलं त्या हातांचं देणं आहे,
राखण केली त्या डोळ्यांचं देणं आहे.
पाखरांनी खाल्लं ते त्यांचंच होतं.
उरलं ते माझं, लेकरांच्या मुखी पडू दे.

या प्रार्थनेत याचना अखेरच्या एका ओळीपुरती आहे. बाकी सारी पावती आहे. हस्ताच्या ओळीनंतर एरवी स्वातीच्या पावसाची एक ओळ येते, असे त्याच्या मुलाने मला सांगितले. त्या साली स्वाती कोरडी गेली होती. कणसाच्या शेंड्याकडचा दाणा बारीक राहिला होता आणि तो तळहातावर घेताच कळत होता. म्हाताऱ्याने ती ओळ गाळली. न मिळालेल्या पावसाचे आभार मानणे त्याला खोटी नोंद करण्यासारखे वाटले असावे, आणि मला त्याच्या भक्तीचे सर्वांत विश्वसनीय प्रमाण तेथेच आढळले. त्याने तक्रारही केली नाही.

नंतर मापणी सुरू झाली. पहिल्या पायलीला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणावयाचे, मग दोन, तीन असे चालावयाचे. घरची पोती भरण्यापूर्वी खुरपणाऱ्या बायांचे, राखणदाराचे, सुतार-लोहारांच्या बलुत्याचे वाटे निराळे निघाले. ज्या देण्यांचा उच्चार प्रार्थनेत झाला होता ती प्रथम, बलुत्याची त्यानंतर. तळाशी उरलेले मातेरे त्याच्या सुनेने स्वतंत्र सुपात घेतले, आणि खडे निवडून तेही दळणात घालायचे, असे ती म्हणाली.