दहा मुलं, तीन खाऊ आणि आंब्याचं सांदण

माझ्या मुलीचा सातवा वाढदिवस मे महिन्यात आला. पाहुणे म्हणजे तिच्या वर्गातली आणि सोसायटीतली मिळून दहा मुलं. आदल्या वर्षी मी सात-आठ पदार्थ मांडले होते आणि मुलं आल्या आल्या वेफर्सच्या वाट्या पुढे केल्या होत्या. अर्ध्या तासात पोटं भरली, मग केक कापला गेला आणि बाकीचं जेवण जवळपास तसंच उरलं. केकवरचं क्रीम बोटांनी चाटून खालचा भाग मुलांनी ताटलीत सोडला होता. ते सगळं कचऱ्यात टाकताना मला फार वाईट वाटलं, म्हणून या वर्षी पदार्थ कमी करायचे आणि ते कोणत्या क्रमाने वाढायचे, याचा आधी विचार करायचा असं ठरवलं.

सात वर्षांचं मूल पार्टीत एका जागी बसून जेवत नाही. एका हातात फुगा असतो, दुसऱ्या हाताने ते एक घास उचलतं आणि पळतं. म्हणून चमचा लागेल असं काही ठेवलं नाही. एक पदार्थ दोन घासांत संपला पाहिजे, हातातून सुटता कामा नये आणि त्यातून काही गळता कामा नये, या तीन अटी घातल्या. त्यांत तीन पदार्थ बसले: मुगाच्या डाळीचे आप्पे, कोथिंबीर वडी आणि चटणी सँडविच. केकऐवजी आंब्याचं सांदण ठेवलं आणि प्यायला पन्हं.

पौष्टिक पदार्थ आप्पे होते आणि ते सगळ्यांत आधी वाढले. दुपारी एकला जेवलेलं मूल पाच वाजता येतं तेव्हा त्याला खरी भूक असते. त्या पहिल्या पंधरा मिनिटांत समोर जे येतं, ते ते खातं. तेव्हा वेफर्स दिसले तर वेफर्स खातं, गरम आप्पे दिसले तर आप्पे. मुलांना भाज्या आवडत नाहीत म्हणून आपण हळहळतो, पण पुष्कळदा भाजी वाढण्याची वेळच चुकलेली असते.

चाळीसेक आप्प्यांसाठी दीडशे मिलीच्या दोन वाट्या पिवळी मूगडाळ तीन तास भिजवायची. पाणी पूर्ण निथळून, आल्याचा छोटा तुकडा आणि जिरं घालून, शक्य तितक्या कमी पाण्यात वाटायची. त्यात एक वाटी किसलेलं गाजर, मूठभर कोथिंबीर, दोन चमचे बारीक रवा आणि मीठ. मिरची घालू नये, तिखट खाणाऱ्यांसाठी चटणी वेगळी ठेवावी. पीठ चमच्यातून धारेने न पडता गोळ्याने पडलं पाहिजे. सैल झालं तर आप्पे फुगत नाहीत आणि मधोमध खळगा पडून आत कच्चट राहतात. आप्पेपात्रात थेंब थेंब तेल सोडून मंद आचेवर झाकून ठेवले की चार-पाच मिनिटांत खालची बाजू होते. उलटताना आप्पा पात्राला चिकटून बसला तर खालची बाजू अजून झालेली नाही, त्याला ओढू नये. आणखी मिनिटभराने तो आपोआप सुटतो. बारा खळग्यांच्या पात्रात चाळीस आप्प्यांना चार घाणे लागतात, म्हणजे साधारण अर्धा तास. तेवढा वेळ हिशेबात धरला नाही तर मुलं दारात आणि आप्पे पिठात अशी अवस्था होते. झालेले आप्पे डब्यात ठेवताना खाली आणि वर सुती फडकं घालावं, नाहीतर वाफेचं पाणी सुटून ते ओले होतात. वाढण्याआधी एक मोडून पाहावा, कारण बाहेरून कोमट लागणारा आप्पा आतून जीभ भाजण्याइतका गरम असू शकतो.

कोथिंबीर वडीचं जवळजवळ सगळं काम आदल्या दिवशी उरकता येतं. दोन मोठ्या जुड्या निवडून, धुऊन फडक्यावर तासभर पसरायच्या. ओली कोथिंबीर चिरली तर पीठ सैल होतं, मग आपण बेसन वाढवत जातो आणि वडी दगडासारखी होते. चार वाट्या चिरलेल्या कोथिंबिरीला दोन वाट्या बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, तीळ, हळद, मीठ आणि अगदी थोडं तिखट पुरतं. त्याचे लांबट उंडे करून वीस मिनिटं वाफवायचे आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचे. गार उंडा सुरीखाली स्वच्छ कापला जातो, गरम उंड्याचा चुरा होतो. मी नेहमीसारख्या चकत्या न करता बोटाएवढ्या कांड्या कापल्या, कारण चकती लहान हातात तुटते आणि कांडी मुठीत धरता येते. ऐनवेळी थोड्या तेलात सगळ्या बाजूंनी खरपूस केल्या. एक मुलगा एका हातात दोन कांड्या धरून धावत होता आणि जमिनीवर तीळ सोडून काही पडलं नव्हतं.

सँडविचबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कडा काढलेल्या सोळा स्लाइसची आठ सँडविच होतात आणि चार-चार तुकडे केले की बत्तीस. चटणीच्या आधी दोन्ही स्लाइसना लोणी कडेपर्यंत लावावं, म्हणजे चटणीचं पाणी पावात उतरत नाही. काकडीला मीठ लावू नये. तुकडे ओलसर फडक्याखाली झाकून ठेवले तर दोन तास मऊ राहतात.

आमंत्रण देतानाच मी प्रत्येक मुलाच्या आईला किंवा बाबांना एक प्रश्न विचारला होता: याला काय चालत नाही? एका मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली. आपल्या स्वयंपाकघरात दाण्याचं कूट इतक्या सवयीने पडतं की ते कशात आहे हेही आठवत नाही. मी त्या दिवशी कुटाचा डबाच वरच्या फळीवर ठेवून दिला, चटणी ओल्या नारळाची केली आणि मिक्सरचं भांडं आधी धुऊन घेतलं. एक मूल जैन घरातलं होतं. त्याच्यासाठी थोडं पीठ आलं आणि गाजर घालण्याआधी बाजूला काढलं, त्यात ढोबळी मिरची घातली आणि तो घाणा आधी काढला. बरोबर एखादं धाकटं भावंड येणार असेल तर अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न आणि अख्खी द्राक्षं ताटात नकोत. धावताना ती घशात अडकू शकतात. द्राक्षं द्यायचीच तर उभी चिरून चार फाका कराव्यात. फळांना टूथपिक टोचायचा मोहही मी टाळते.

आता सांदण. माझ्या सासूबाई राजापूरकडच्या. त्यांच्या माहेरी बरक्या फणसाच्या रसात तांदळाचा रवा भिजवून सांदणं करतात आणि आंब्याच्या दिवसांत आंब्याची. ती इडलीपात्रात किंवा वाट्यांत होतात. मी विचारलं, "आई, हे एकाच मोठ्या डब्यात वाफवलं तर केकसारखं कापता येईल का?" त्या म्हणाल्या, "येईल की. पण झाकणाला फडकं बांध हो, नाहीतर वरून पाणी ठिबकेल."

सात इंची पसरट डब्याला दोन वाट्या तांदळाचा रवा लागतो. इडली रवाही चालतो. तो चमचाभर तुपावर रंग न बदलता भाजून गार करायचा. त्यात दोन वाट्या हापूसचा गाळलेला रस, पाऊण वाटी साखर किंवा चिरलेला गूळ, एक वाटी नारळाचं दूध, वेलची आणि चिमूटभर मीठ घालून तासभर झाकून ठेवायचं. हा तास वाचवायला जाऊ नये, कारण न भिजलेला रवा वाफवल्यावरही दाताखाली कचकचतो. तासाभराने मिश्रण घट्ट झालं असेल तर थोडं नारळाचं दूध घालून इडलीच्या पिठाइतकं करावं. वाफेचं पाणी उकळू लागल्यावरच त्यात पाव चमचा खाण्याचा सोडा घालायचा, एकदा ढवळायचं, तूप लावलेल्या डब्यात ओतायचं आणि शिट्टी न लावता अर्धा तास वाफवायचं. डब्यात रस आधीच गोड असतो, तेव्हा डबाबंद रस वापरला तर साखर निम्मी करावी.

सुरी मधोमध खुपसून कोरडी निघाली आणि कडा डब्यापासून सुटल्या की सांदण झालं. सुरीला पिवळा चिकटा लागला तर आणखी दहा मिनिटं. माझ्या पहिल्या प्रयोगात कडा सुटल्या होत्या म्हणून मी घाईने उतरवलं आणि मध्यभाग लगद्यासारखा निघाला. डबा इडलीच्या साच्यापेक्षा कितीतरी खोल असतो, त्यामुळे वाफ आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. गरम असताना उपडं केलं तर ते दुभंगतं आणि कोमट सांदणावर मेणबत्ती लावली तर ती बुडाशी मऊ होऊन कलते. म्हणून मी दुपारी दोनला वाफवायला ठेवलं आणि पाच वाजता ताटात उपडं केलं. सकाळी करून मेच्या उकाड्यात बाहेर ठेवलं असतं तर नारळाच्या दुधाने आंबूस झालं असतं, आणि फ्रीजमध्ये ठेवलं असतं तर तांदळाने घट्ट. वर आंब्याच्या फोडी आणि ओल्या खोबऱ्याचा कीस पसरला. त्याचे बारा तुकडे झाले.

आंब्याचे दिवस नसतील तर कोकणातलंच धोंडस करता येतं. त्यात मोठ्या काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं असतं आणि ते वर-खाली निखारे ठेवून भाजत. घरी ओव्हनमध्ये होतं. त्याचा रंग गुळाचा तांबूस येतो, पण कापताना तुकडा सांदणापेक्षा घट्ट धरतो.

पाच ते साडेसात अशी पार्टी होती. सव्वापाचला आप्पे, मग खेळ, सहाला वड्या आणि सँडविच, मग पुन्हा खेळ. पावणेसातला आधी औक्षण झालं, निरांजन फिरवून तिच्या आजीने तिला ओवाळलं. मग सांदणावर सात मेणबत्त्या लागल्या. "हा केक पिवळा का आहे?" एका मुलाने विचारलं. माझी लेक म्हणाली, "केक नाहीये तो, सांदण आहे. आजीच्या गावचं." त्याने कोपरा तोडून आधी वास घेतला, मग उरलेला तुकडा तोंडात घातला आणि खोबरं लागलेला हात पुन्हा ताटाकडे नेला. मुलं घरी गेल्यावर मी डबे उघडले तेव्हा सहा आप्पे, सँडविचचे नऊ तुकडे आणि सांदणाचा एक तुकडा उरला होता. पुढच्या वेळी सँडविच सहाच करीन.