२५ हजारांचा फूटफॉल येतो कुठून?

झेवियर्सचा मल्हार किंवा मुंबई आयआयटीचा मूड इंडिगो स्पॉन्सरना समजावून सांगावा लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजला मात्र ब्रोशरवरच भिस्त ठेवावी लागते, आणि त्यात पहिल्याच पानावर ‘फूटफॉल २५,०००+’ असं ठळक छापलेलं असतं. स्कूटरच्या शोरूमचा मालक गावातलाच. कॉलेजचं पटांगण त्याने पाहिलेलं असतं. आकडा वाचल्यावर पुढचं पान तो उलटतच नाही.

समजा, अशा कॉलेजात २,४०० विद्यार्थी आहेत. गेल्या वर्षी गेटवर पहिल्या दिवशी १,९००, दुसऱ्या दिवशी २,३०० आणि बँडच्या रात्री ३,१०० जणांची नोंद झाली. बेरीज ७,३००. पण या झाल्या भेटी. तिन्ही दिवस आलेली मुलगी यात तीनदा मोजली गेली. माणशी एकच रिस्टबँड दिला असेल, तर वाटलेल्या रिस्टबँडवरून खरी माणसं कळतात: ३,८००. उरलेला फुगवटा बहुधा इन्स्टाग्रामवरच्या रीलच्या व्ह्यूजचा असतो. ते व्ह्यूज जरूर लिहावेत, पण वेगळ्या ओळीत.

नव्या ब्रोशरमध्ये मग असं येईल: ‘गेल्या वर्षी ३ दिवसांत ३,८०० जण आले, त्यांपैकी १,६०० बाहेरच्या कॉलेजांतले, नोंद रिस्टबँडची.’ यंदाचा अंदाज त्याखाली, अंदाज म्हणूनच. शोरूमवाल्याला १८ वर्षांवरची मुलं किती, हेही हवं असतं, कारण गिअरच्या गाडीचं लायसन्स त्यांनाच मिळतं. रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर वयाचा रकाना ठेवला, तर हे उत्तर पुढच्या वर्षी हाताशी असतं.

पॅकेजचंही तसंच. गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि तिन्हींत ‘भरपूर ब्रँड व्हिजिबिलिटी’, यातून कुणाला काय मिळणार ते कळत नाही. त्याऐवजी लिहावं: मुख्य गेटच्या आत डावीकडे १० बाय १० फुटांचा स्टॉल, विजेच्या पॉइंटसह, तिन्ही दिवस ११ ते ६, स्टेजवरून रोज ३ घोषणा, दुचाकीचा दुसरा स्पॉन्सर घेतला जाणार नाही. हे शेवटचं कलम मालकाला सगळ्यात मोलाचं वाटतं, म्हणून ते पाळता येणार असेल तरच छापावं. स्टॉलच्या जागेला प्राचार्यांची परवानगी ब्रोशर छापायच्या आधीच घेतलेली बरी.

एक फायदा मात्र काढूनच टाकायला हवा: ‘सहभागींचे मोबाइल नंबर दिले जातील.’ मुलांनी नंबर दिलेला असतो तो स्पर्धेसाठी, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा भर संमतीवर आहे. स्टॉलवर कूपन ठेवावं. ज्याला टेस्ट राइड हवी तो आपणहून नंबर लिहील. अशी दीडशे कूपनं भरली, तर मालकाला फोन करायला दीडशे खरी माणसं मिळतात.

पैसे दोन हप्त्यांत मागावेत. दुसरा हप्ता फेस्टनंतर १५ दिवसांत, स्टॉलचे फोटो, घोषणांच्या वेळा आणि गेटवरची नोंद मालकाच्या हाती दिल्यावर.