आधी मोकळी जागा, मग नक्षी

सोलापूरच्या एखाद्या घरगुती उद्योगाने शेंगदाणा चटणीचे 200 ग्रॅमचे पाऊच दुकानात ठेवायचे ठरवले, की लेबलवर पहिल्यांदा ठरतो तो रंग आणि मोठ्ठे नाव. मग मागच्या बाजूला बाकीची माहिती कशीबशी कोंबली जाते. अनुभवी डिझायनर उलटीकडून सुरुवात करतो: आधी सक्तीचा मजकूर आणि मोकळ्या चौकटी, नक्षी सगळ्यात शेवटी.

घटकांचा क्रम चवीवर नव्हे, वजनावर ठरतो. समजा, 10 किलोच्या घाण्यात 8 किलो शेंगदाणे, 1 किलो तिखट, 600 ग्रॅम लसूण, 300 ग्रॅम मीठ आणि 100 ग्रॅम जिरे पडले. लेबलवरही याच उतरत्या क्रमाने नावे यायला हवीत. ‘लसूण चटणी’ म्हणून विकायची असली, तरी लसूण तिसराच राहतो. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी ‘यात शेंगदाणे आहेत’ ही वेगळी ओळ लागते. आणि हे सगळे फक्त मराठीत छापून भागत नाही. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावी लागते, मराठी त्याच्या जोडीला.

200 ग्रॅम हे निव्वळ वजन, म्हणजे पाऊच वगळून नुसत्या चटणीचे. किंमत 90 रुपये असेल, तर एका ग्रॅमचा दर 0.45 रुपये होतो. तोही छापायचा असतो.

बॅच क्रमांक आणि तारखा मात्र छापखान्यात छापता येत नाहीत, कारण लेबले हजारोंनी एकदम छापली जातात आणि चटणी थोडी थोडी कुटली जाते. त्यासाठी कोरी चौकट ठेवावी लागते. या चौकटीवर गुळगुळीत वार्निश आले, तर शिक्क्याची शाई वाळत नाही. बोट फिरवले, की तारीख पुसते.

बारकोडसाठीही जागा राखावी लागते. दुकानात चालणारा 13 अंकी बारकोड मूळ आकारात सुमारे 37 × 26 मिलिमीटर असतो आणि 80 टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण 30 × 21 पर्यंत, लहान करता येतो. या मापात पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंची कोरी जागाही धरलेली असते; मूळ आकारात ती डावीकडे साडेतीन मिलिमीटरहून अधिक आणि उजवीकडे दोनहून अधिक असते. तिथे वेलबुट्टी किंवा चौकटीची रेघ घुसली, की पट्टी नेमकी कुठे सुरू झाली हे स्कॅनरला कळत नाही.

तिखटाला शोभतो म्हणून लाल बारकोड छापणे तर हमखास फसते. दुकानातल्या बहुतेक स्कॅनरचा प्रकाश लाल असतो. त्यात लाल पट्ट्या पांढऱ्या कागदात मिसळून जातात. पांढऱ्यावर काळा सर्वांत सुरक्षित. म्हणूनच मोठी छपाई करण्याआधी प्रत्यक्ष आकाराचा नमुना पाऊचवर चिकटवून दुकानातल्याच स्कॅनरखाली धरतात. ही चाचणी राहिली आणि कोड वाचला गेला नाही, तर प्रत्येक पाऊचवर हाताने वेगळे स्टिकर चिकटवत बसावे लागते.