एक डिझाइन, अठ्ठेचाळीस कोड

तयार कपड्यांच्या धंद्यात संगणक बसवला की पहिली कटकट आयटम कोडची होते. एक कुर्ता घ्या. 36 ते 46 असे सहा साइज आणि आठ रंग, म्हणजे एकाच डिझाइनचे अठ्ठेचाळीस प्रकार झाले. दुकानात अशी साठ डिझाइन्स असली तर 2,880 कोड होतात. ते एकेक करून हाताने टाकायला बसले तर मुनीम दोन दिवसांत कंटाळतो आणि मग "कुर्ता मिक्स" असा एकच कोड काढून सगळा माल त्यात घालतो. हा प्रकार आम्ही बाजारात अनेक ठिकाणी पाहिला आहे. हिशेबाची बेरीज जुळते, पण कपाटात काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही.

यावर ईआरपीत मॅट्रिक्सची सोय असते. एक गोष्ट आधीच साफ करतो. मॅट्रिक्समुळे अठ्ठेचाळीस कोड नाहीसे होत नाहीत. प्रत्येक रंग-साइजचा साठा आणि बारकोड वेगळाच राहतो, आणि तो राहिलाच पाहिजे. फरक एवढाच की आपण फक्त डिझाइन सांभाळायचे, बाकीचे कोड यंत्र त्याच्या पोटात तयार करते.

ईआरपीनेक्स्ट या प्रणालीत हे कसे होते ते पाहू. आधी रंग आणि साइज यांच्या याद्या एकदाच करायच्या आणि प्रत्येक रंगाला छोटी खूण द्यायची. मग डिझाइनचा आयटम उघडून `Has Variants` वर खूण करायची आणि दोन्ही याद्या जोडायच्या. हा झाला साचा. साच्याची खरेदी-विक्री होत नाही, ती त्याच्या प्रकारांची होते. पुढे `Multiple Variants` मध्ये हवे ते रंग आणि साइज निवडले की कोड आपोआप पडतात. 214 नंबरच्या कुर्त्याचा पांढरा, 40 साइजचा कोड असा दिसेल:

```
KT214-WH-40
```

विक्रीचा भाव एकदा साच्यावर टाकला तरी चालतो. ज्या साइजला वेगळा भाव नाही, तिला तोच लागतो. मोठ्या साइजला कापड जास्त जाते म्हणून 46 ला पन्नास रुपये जास्त लावायचे असतील, तर भाव फक्त तिथे वेगळा टाकावा. मात्र महागड्या मालात जपावे. सप्टेंबर 2025 पासून नगाला 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी 5 टक्के आहे आणि त्यावर 18 टक्के. 40 साइज 2,480 ला आणि 46 साइज 2,530 ला विकली, तर एकाच डिझाइनला दोन कर लागतात.

आता याचा खरा फायदा. समजा, 214 चे पाच रंग सेटने घेतले. सेटमध्ये 38 चा एक, 40 चे दोन, 42 चे दोन आणि 44 चा एक, असे सहा नग. प्रत्येक रंगाचे चार सेट, म्हणजे एकूण 120 नग आले. ईदच्या आधी पंधरा दिवसांत 68 विकले गेले आणि 52 उरले. वहीत 52 दिसतात, मालक निश्चिंत असतो. मॅट्रिक्स उघडले तर 38 चे 15, 40 चे 3, 42 चे 16 आणि 44 चे 18 दिसतात. आणि ते तीनही बॉटल ग्रीन! पांढरा 40 मागायला येणारे गिऱ्हाईक परत जात आहे, हे बावन्नच्या आकड्यात कुठेच नव्हते. अशा वेळी पुन्हा पूर्ण सेट मागवला तर 44 चा ढीग आणखी वाढतो. व्यापाऱ्याकडे सुटी 40 मागावी. तो थोडा जास्त भाव घेईल, तरी परवडते.

गडबड होते ती याद्यांमध्ये. एका मुलाने "मरून" लिहिले, दुसऱ्याने "वाईन", आणि कपडा एकच. मग साठा दोन रकान्यांत फुटतो, एकीकडे शून्य दिसते आणि दुसरीकडे माल पडून असतो. म्हणून नवा रंग टाकण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवावा. दुसरी खोड म्हणजे कापड, पुरवठादार, हंगाम या सगळ्यांना रंग-साइजच्या ओळीत बसवणे. चार कापडे आणि तीन पुरवठादार जोडले की अठ्ठेचाळीसचे 576 होतात. आमच्या मते कापड किंवा शिलाई बदलली की ते नवे डिझाइनच समजावे, आणि पुरवठादाराचे नाव खरेदीच्या नोंदीत राहू द्यावे.

जे रंग-साइज प्रत्यक्षात आलेच नाहीत त्यांचे कोडही पाडू नयेत. ओडू या दुसऱ्या प्रणालीत तर `Dynamically` असा पर्याय आहे. ऑर्डरमध्ये प्रकार निवडला तरच त्याचा कोड जन्मतो.

जुना साठा आधीच एका कोडवर चढला असेल, तर त्याच कोडचा साचा करता येत नाही. साठ्याचा व्यवहार झाल्यावर ईआरपीनेक्स्ट `Has Variants` बदलू देत नाही. नवा साचा करून, माल साइजवार मोजून, जुन्या कोडवरून नव्यावर न्यावा लागतो. हे काम हंगाम संपल्यावर, कपाटे रिकामी असताना काढावे.