पोच (मालवाहतूक)

पोच म्हणजे माल मिळाल्याबद्दल प्राप्तकर्त्याने वाहतूकदाराच्या बिल्टीवर सही-शिक्क्यानिशी दिलेली कबुली होय. देवळा (जिल्हा नाशिक) या कांदा पिकवणाऱ्या तालुक्यातून ट्रकने बाहेर जाणाऱ्या मालाच्या तक्रारीत तीच पहिला पुरावा असते. समजा, २०० गोण्यांपैकी १९६ उतरल्या आणि त्यांतील ६ भिजलेल्या निघाल्या, तर तसा शेरा चालकासमक्ष लिहून दोघांनी सह्या कराव्या लागतात. शेऱ्याविना सही केल्यास तूट नंतर सिद्ध करणे अवघड जाते. छायाचित्रात ओल दिसते, पण थप्पीमागच्या गोण्या मोजता येत नाहीत. कांदा वाटेत सुकतोही. त्यामुळे गोण्या पूर्ण असताना केवळ वजन घटले, तर वाद अधिक गुंतागुंतीचा होतो. रस्ते मालवाहतुकीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यानुसार दावा लावण्यापूर्वी, माल नोंदवल्यापासून १८० दिवसांत वाहतूकदारास लेखी नोटीस द्यावी लागते.