रबर प्लांट खालून बोडका का होतो?

दिवाणखान्याच्या कोपऱ्यातला पाच फुटी रबर प्लांट अनेक घरांत सारखाच दिसतो. वर दहा-बारा चकचकीत पानं आणि खाली साडेतीन फूट नुसती काठी. खालचं एखादं पान अधूनमधून पिवळं पडून गळणं हे वयाचं लक्षण आहे. पण एकापाठोपाठ एक पानं गळत असतील, तर बहुतेक वेळा उजेड कमी पडत असतो. अंधारात झाड सगळी पानं पोसू शकत नाही, म्हणून जुनी, सावलीतली पानं आधी सोडून देतं. माती सतत ओली असेल आणि कुबट वास येत असेल, तर मात्र आधी पाणी कमी करायला हवं.

गळून गेलेल्या पानाच्या जागी तेच पान पुन्हा येत नाही. पण खोडाकडे नीट पाहा. प्रत्येक पेरावर गोल वळ दिसतो आणि पानाच्या वणाच्या लगेच वर एक बारीक डोळा असतो. शेंडा वाढत असतो तोवर तो या डोळ्यांना दबवून ठेवतो. शेंडा कापला की ते जागे होतात, पण सगळे नाही. बहुधा कापाच्या लगेच खालचे एक ते तीनच फुटतात. त्यामुळे नुसता वरचा कोंब खुडला तर फांद्या वरच येतात आणि खालची काठी तशीच राहते. फांद्या जिथे हव्यात, त्याच्या थोडं वर कापायचं.

आपल्या पाच फुटी झाडाला दीड-दोन फुटांवर कापावं लागेल. त्याआधी ते पूर्वेच्या खिडकीपासून हातभर अंतरावर महिनाभर ठेवावं. तीन-चार नवी पानं आली, म्हणजे अंगात ताकद आहे. अशक्त झाड कापलं तर खुंटच वाळतो. अंधारातून एकदम दुपारच्या उन्हात मात्र नेऊ नये, पानं करपतात.

कापणी मार्च ते जुलैच्या दरम्यान, वाढीच्या दिवसांत करावी. धारदार कात्रीने पेराच्या बोटभर वर काप घ्यावा. पांढरा चीक ओल्या फडक्याने टिपावा, तो त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो, म्हणून हातमोजे घालावेत. पानं कमी झाल्याने पाणीही कमी लागतं, वरची माती सुकल्यावरच द्यावं. फुटवे यायला साधारण महिना-दीड महिना लागतो.

वरचा पानांचा भाग वाया घालवायचा नसेल, तर कापण्याआधी त्यावर गुटी कलम बांधावं. साल गोलाकार काढून ओलं मॉस आणि वर प्लॅस्टिक गुंडाळलं, की दीड-दोन महिन्यांत मुळं दिसतात. मग मुळांच्या खाली कापून तो भाग दुसऱ्या कुंडीत लावा आणि उरलेला खुंट हव्या त्या उंचीवर आणा.

नव्या फांद्या आल्यावर झाड पुन्हा त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलंत, तर खालची पानं पुन्हा गळतील. कात्री हाती घेण्याआधी कुंडीची जागा बदला.